सोळा वर्षांचा आणि तेवीस वर्षांचा : गुन्हा एक, वागणूक दोन का?

«आम्ही न्यूझीलंडमध्ये राहतो. काही आठवड्यांपूर्वी घरी कोणी नसताना मागची काच फोडून चोरी झाली. लॅपटॉप आणि आईने दिलेले सोन्याचे कानातले गेले. दोघे पकडले गेले, एक तेवीस वर्षांचा, एक सोळाचा. मोठ्यावर जिल्हा न्यायालयात खटला चालू आहे. धाकट्याने आरोप नाकारलेला नाही, तरी त्याच्यासाठी 'फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स' नावाची बैठक ठेवली आहे आणि मला बोलावलं आहे. विम्याने बाकीचं भरून दिलं, पण एक्सेसचे ५०० डॉलर माझ्याच खिशातून गेले. दोघे एकाच खिडकीतून आत आले, मग न्याय वेगळा का? आणि मी तिथे जाऊन करायचं काय? बायको म्हणते, त्या मुलाचं तोंडही बघायचं नाही.»

नमस्कार,

तुमच्या रागात चूक काहीच नाही. घरात परकं माणूस शिरून गेलं की वस्तू भरून मिळाल्या तरी घर काही दिवस आपलं वाटत नाही. तो राग बाजूला ठेवा असं आम्ही सांगणार नाही. उलट त्या बैठकीत तो नीट मांडता यावा, म्हणून तिच्यामागचा विचार आणि तिची रीत दोन्ही सांगतो.

शिक्षा ठरवताना कुठल्याही न्यायालयापुढे दोन प्रश्न असतात. झालेल्या कृत्याचा दोष या माणसाच्या माथी किती? आणि त्याने हे पुन्हा करू नये म्हणून काय केलं तर उपयोग होईल? काच फुटली ती दोघांच्या बाबतीत सारखीच फुटली. पण या दोन प्रश्नांची उत्तरं सोळाव्या वर्षी आणि तेविसाव्या वर्षी वेगळी येतात, आणि ती वेगळी येण्याला बराच पुरावा आहे.

दोषाचा प्रश्न आधी घेऊ. लोक म्हणतात, सोळा वर्षांच्या मुलाला चोरी वाईट हे कळत नाही का? कळतं की. शांत बसवून विचारलं तर या वयाची मुलं जवळजवळ मोठ्यांइतकाच नीट विचार करतात. अडचण येते ती घाईत, उत्तेजनात आणि विशेषतः सोबत्यांसमोर. २००५ साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. पडद्यावर गाडी चालवायची, सिग्नल पिवळा झाला की कधी थांबायचं ते स्वतः ठरवायचं. जितकं पुढे जाल तितके गुण जास्त, पण लाल होऊन धडक बसली तर गुण गेले. १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे असे तीन गट होते. काहींनी हा खेळ एकट्याने खेळला, काहींनी ओळखीचे दोन समवयस्क शेजारी बसलेले असताना. सोबती बसले की धाकट्या गटांनी घेतलेला धोका ठळकपणे वाढला आणि चोविशीच्या पुढच्यांमध्ये फारसा फरक पडला नाही. मुलं तीच, नियम तेच, बदललं ते फक्त शेजारी कोण बसलंय एवढंच.

आता तुमच्या मागच्या खिडकीपाशी या. शेजारी उभा होता तो सात वर्षांनी मोठा माणूस. याने मुलाचा दोष पुसला जात नाही, आणि कायदाही तसं म्हणत नाही. पण तेविसाच्या माणसाने सोळाच्या पोराला बरोबर घेणं आणि पोराने त्याच्या मागे जाणं यांचं वजन सारखं धरायला कुठल्याही विचारी न्यायाधीशाला जड जाईल. हे निष्कर्ष सरासरीचे आहेत, हेही लक्षात असू द्या. एखादा सोळा वर्षांचा मुलगाच टोळीचा म्होरक्या असतो. तुमच्या प्रकरणात कोणी काय केलं, खिडकी कोणी निवडली, माल कोणाकडे गेला, हे बैठकीत विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसरा प्रश्न आमच्या मते जास्त महत्त्वाचा, आणि त्यावरच सगळ्यात कमी बोललं जातं. पौगंडावस्थेत कायदा मोडणारी बहुतेक मुलं विशीत शिरता शिरता आपणहून थांबतात. योगायोग असा की यावरचं गाजलेलं काम तुमच्याच देशात झालं आहे. ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा संशोधक त्यांच्या लहानपणापासून मागोवा घेत आले. त्यात काम करणाऱ्या टेरी मॉफिट यांनी १९९३ साली मांडणी केली, की अशा मुलांमध्ये दोन प्रवाह असतात. एक छोटा गट लहानपणापासून बिनसलेला असतो आणि पुढेही तसाच चालू राहतो. दुसरा, कितीतरी मोठा, किशोरवयात वाहवत जातो आणि नोकरी, जोडीदार, जबाबदारी आली की सुटतो. अडचण ही, की सोळाव्या वर्षी पोलिसांच्या कागदावर दोघे सारखेच दिसतात.

म्हणजे व्यवस्थेची पहिली जबाबदारी अशी, की जो मुलगा एरवी थांबलाच असता त्याच्या थांबण्यात आपण खोडा घालू नये. हे नुसतं सदिच्छेचं बोलणं नाही. २०१० साली पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी २९ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत एकूण ७,३०४ मुलं होती. कोणाला रीतसर खटल्याच्या वाटेने न्यायचं आणि कोणाला बाहेरच्या बाहेर सोडायचं किंवा एखाद्या कार्यक्रमात घालायचं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यदृच्छेने ठरवलेलं होतं. त्यामुळे 'जास्त वाईट मुलांनाच कोर्टात नेलं असेल' ही शंका इथे उरत नाही. निष्कर्ष असा, की खटल्याच्या वाटेने गेलेल्या मुलांचे पुढचे गुन्हे कमी झाले नाहीत, उलट थोडे वाढलेलेच दिसले. मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दरडावून घेण्याचे 'घाबरवा म्हणजे सुधारतील' छापाचे कार्यक्रमही असेच तपासले गेले. काहीच न करण्यापेक्षा त्यांनी जास्त नुकसान केलं.

असं का होतं, ते एकेक पायरी पाहिलं की कळतं. तारखांसाठी शाळा बुडते, मग शाळाच सुटते. कोठडीत किंवा सुधारगृहात दिवसरात्र सोबत असते ती आणखी बिघडलेल्या मुलांची, आणि वर सांगितलेल्या प्रयोगावरून सोबतीचा या वयात किती परिणाम होतो ते दिसलंच आहे. बाहेर आल्यावर नाव खराब झालेलं असतं, काम मिळत नाही. आणि ज्या वयात माणूस 'मी कोण' हे ठरवत असतो त्या वयात सगळे त्याला चोर म्हणून हाक मारू लागतात. विशीत त्याला गुन्ह्यापासून दूर खेचणाऱ्या गोष्टी म्हणजे शिक्षण, नोकरी, चांगली संगत. कडक शिक्षेने आधी तुटतात त्या नेमक्या याच. अमेरिकेत मुलांना प्रौढांच्या न्यायालयात पाठवण्याच्या कायद्यांचा तिथल्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या तज्ज्ञ गटाने २००७ मध्ये आढावा घेतला. तशाच प्रकारच्या पण बालन्याय व्यवस्थेतच ठेवलेल्या मुलांपेक्षा, प्रौढ न्यायालयात गेलेली मुलं पुन्हा पकडली जाण्याचं प्रमाण सुमारे ३४ टक्के जास्त निघालं. तुमच्यासारख्याच आणखी कोणाच्या तरी खिडकीची काच त्या ३४ टक्क्यांत असते.

मग मुलांशी नुसतं प्रेमाने वागलं म्हणजे झालं का? नाही, आणि याचा धडा फार महागात शिकला गेला आहे. १९६४ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात जेराल्ड गॉल्ट नावाच्या १५ वर्षांच्या मुलावर शेजारणीला अश्लील फोन केल्याचा आरोप आला. 'हे बालन्यायालय आहे, इथे सगळं मुलाच्या भल्यासाठीच' या भूमिकेतून त्याला वकील दिला नाही, आरोपांची नीट सूचना दिली नाही, तक्रारदार बाई न्यायालयात आल्यासुद्धा नाहीत. आणि त्याला एकवीस वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षांपर्यंत, सुधारशाळेत ठेवण्याचा हुकूम झाला. हेच प्रौढाने केलं असतं तर जास्तीत जास्त ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद होती. १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा हुकूम रद्द केला आणि वकील, सूचना, उलटतपासणी आणि गप्प राहण्याचा हक्क मुलांनाही आहे असं ठरवलं. त्यामुळे आज चांगल्या व्यवस्थेत 'वेगळी वागणूक' म्हणजे परिणाम सौम्य, पण संरक्षणं पूर्ण, किंबहुना जास्त. न्यूझीलंडमध्ये पोलिसांनी मुलाचा जबाब घेताना त्याने निवडलेली मोठी व्यक्ती किंवा वकील हजर नसेल आणि त्याला हक्क त्याच्या वयाला समजतील अशा भाषेत सांगितले नसतील, तर तो जबाब सहसा पुराव्यात धरला जात नाही. याचं कारणही वयच आहे. खोलीतून सुटका व्हावी म्हणून समोरचा म्हणेल त्याला हो म्हणण्याकडे मुलांचा कल मोठ्यांपेक्षा जास्त असतो. आणि मुलाने खोटं कबूल केलं, तर खरा चोर मोकळा राहतो.

आता तुमच्या बैठकीकडे वळू. ही पद्धत न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्याने आली. त्याआधी मुलांना, त्यातही तिथल्या मूळनिवासी माओरी मुलांना, घरापासून तोडून संस्थांमध्ये ठेवलं जाई आणि त्याबद्दल माओरी समाजात तीव्र संताप होता. म्हणून निर्णयात कुटुंबाला आणि ज्याचं नुकसान झालं त्याला बसवायचं ठरलं. आजच्या कायद्यात अशा मुलाबद्दल निर्णय घेताना चार गोष्टी पाहायच्या असतात. मुलाचं हित, सार्वजनिक हित व सुरक्षितता, पीडित व्यक्तीचं हित आणि मुलाची जबाबदारी. तिसऱ्या जागी तुम्ही आहात. तुम्ही तिथे प्रेक्षक म्हणून जाणार नाही.

बैठक भरवतो तो यूथ जस्टिस समन्वयक. तारीख, वेळ, जागा ठरवताना त्याने तुम्हाला विचारायचं असतं, तेव्हा गैरसोयीची असेल तर लगेच सांगा. खोलीत मुलगा, त्याच्या घरचे, मुलांची प्रकरणं पाहणारा पोलिसांचा यूथ एड अधिकारी, मुलाचा वकील आणि तुम्ही असता. सोबतीला तुमची माणसं आणता येतात. आधी पोलीस अधिकारी घटनेचा सारांश वाचतो. मुलाला ते मान्य आहे का, हे विचारलं जातं. तो नाही म्हणाला तर बैठक तिथेच अडते आणि प्रकरण न्यायालयात परत जातं. मान्य असेल तर तुमची पाळी. त्यानंतर कुटुंबाला एकट्यात बोलायला वेळ देतात आणि बाकीचे बाहेर जातात. ते एक योजना घेऊन परत येतात, तिच्यावर सगळ्यांशी चर्चा होते, आणि एकमत झालं तर ती यूथ कोर्टाच्या न्यायाधीशापुढे ठेवली जाते. एकमत झालंच नाही तर न्यायाधीश ठरवतात. योजना पूर्ण केली की न्यायाधीश मुलाला अशा रीतीने सोडू शकतात की आरोप कधी दाखलच झाला नव्हता असं धरलं जातं. हे ऐकून तुम्हाला चीड येईल, पण मुलाला योजना पूर्ण करायला लावणारं सगळ्यात मोठं आमिषही हेच आहे. योजना मोडली तर प्रकरण पुन्हा न्यायाधीशापुढे जातं आणि तिथे देखरेख, काही महिने निवासी केंद्र, इथपासून शिक्षेसाठी जिल्हा न्यायालयात पाठवण्यापर्यंत अधिकार आहेत.

तुमच्या बोलण्यात काय असावं? 'तुझ्यासारख्यांना आत टाकायला हवं' असं म्हणण्याची मुभा तुम्हाला आहेच, पण त्याचा परिणाम कमी होतो. गॅब्रिएल मॅक्सवेल आणि ॲलिसन मॉरिस यांनी न्यूझीलंडच्या या बैठकांचा अनेक वर्षं अभ्यास केला. ज्या मुलांना खरा पश्चात्ताप झाला, जी पीडितांना भेटली आणि माफी मागितली, आणि ज्यांना 'तू वाईट माणूस आहेस' असं जाणवून दिलं गेलं नाही, ती पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळली. म्हणून घडलेलं सांगा, तपशिलाने सांगा. घरी परतल्यावर पायाखाली काचा आल्या. मुलं रात्री कोणाजवळ झोपली. कानातले कोणाचे होते. कृत्यावर जितकं कठोर बोलायचं तितकं बोला. मुलाला हे सगळं पहिल्यांदाच ऐकायला मिळत असतं. आत शिरताना त्याच्या डोळ्यांसमोर नुसतं घर होतं, माणसं नव्हती.

मग प्रश्न विचारा. आमचंच घर का? आधी पाळत ठेवली होती का? पुन्हा येणार का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळावं म्हणून कित्येक जण बैठकीला जातात, आणि ते न्यायालयाच्या बाकावर बसून कधीच मिळत नाही. कानातले कोणाला विकले, हेही विचारा. एक सावधगिरी मात्र बाळगा. बैठकीत बोललेलं गोपनीय असतं आणि ते मुलाविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. मुलाची ओळख किंवा बैठकीतला मजकूर व्हॉट्सॲपच्या गटात टाकलात तर अडचणीत तुम्हीच याल.

भरपाईचा हिशेब कागदावर नेऊन ठेवा. विम्याने दिलेली रक्कम पुन्हा मागता येत नाही, म्हणून तुमचे ५०० डॉलर आणि विम्यात न बसलेलं नुकसान, पावत्यांसह, एवढंच लिहा. आता इथे बैठका हमखास फसतात. सगळ्यांना मुलगा सुधारावा असं वाटत असतं, म्हणून योजनेत सगळंच घातलं जातं. समजा मुलाला आठवड्याच्या शेवटी थोडं काम आहे आणि त्यातून तो आठवड्याला २० डॉलर देऊ शकतो. पूर्ण ५०० त्याच्यावर टाकले तर २५ आठवडे लागतील. वर १०० तास समाजकाम, समुपदेशन आणि रात्रीची बंदी टाकली, की दहाव्या आठवड्याला काहीतरी चुकतं, सगळी योजना मोडली असं धरलं जातं आणि तुमच्या हातात २०० डॉलर उरतात. त्याऐवजी १५ आठवड्यांत ३०० डॉलर रोख आणि उरलेल्या २०० डॉलरच्या बदल्यात ठरावीक तासांचं काम, हे टिकतं. ते काम तुमच्याच घरी नको असेल तर समाजाच्या एखाद्या ठिकाणी होऊ द्या. प्रत्येक कलमापुढे तीन गोष्टी लिहिल्यात का, ते पाहा. करणार कोण, कोणत्या तारखेपर्यंत, आणि झालं की नाही हे तपासणार कोण. 'मुलगा शाळेत नियमित जाईल' या वाक्याला कोणीच जबाबदार नसतं. 'दर शुक्रवारी आई हजेरीचा कागद सोशल वर्करला पाठवेल' याला असतं.

आणखी एक कलम आग्रहाने घालून घ्या. त्या तेवीस वर्षांच्या माणसाशी संपर्क नको. सोबतीचा परिणाम या वयात सगळ्यात जास्त असेल, तर योजनेतली सगळ्यात कामाची ओळ हीच, आणि माफीनाम्याच्या घाईत ती राहून जाते. माफीही बैठकीतच उरकून टाकू नका. पाठ केलेलं 'सॉरी' ऐकून तुम्हाला आणखी वाईट वाटेल. तुमचं ऐकून झाल्यावर तो आपणहून बोलला तर ऐका, नाहीतर काही आठवड्यांनी लिहून द्यायला सांगा.

बैठक फसतेय हे ओळखायचं कसं? मुलाच्या जागी वकील किंवा आईच सगळं बोलते. सारांश वाचताना मुलगा 'हो हो' म्हणतो, पण काय केलंस विचारलं तर गप्प. कुटुंब एकट्यात दोन मिनिटं बसून लगेच छापील वाटावी अशी योजना घेऊन येतं. अशा वेळी 'मला हे मान्य नाही' म्हणायला कचरू नका. तुमच्या संमतीला किंमत आहे ती यासाठीच.

सगळ्याच गुन्ह्यांत असं होतं का, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात असेल. नाही. न्यूझीलंडमध्ये चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांची बहुतेक प्रकरणं यूथ कोर्टाच्या वाटेने जातात, पण खून आणि मनुष्यवधाचा खटला उच्च न्यायालयातच चालतो. भारतात २०१५ च्या कायद्यानुसार, ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा गुन्हा सोळा ते अठरा वयाच्या मुलाने केल्याचा आरोप असेल, तर दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्त्यांचं बाल न्याय मंडळ आधी त्याची क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती तपासतं, आणि मगच खटला प्रौढासारखा चालवायचा का हे ठरवतं. रेषा कुठे ओढायची यावर देशादेशांत भांडणं आहेत. पण संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात एक तळ मात्र ठरवलेला आहे. अठरा वर्षांखालील मुलाला फाशी नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप नाही, आणि कोठडी हा शेवटचा उपाय, तोही कमीत कमी काळासाठी.

तुमच्या पत्नीचं म्हणणंही बरोबर आहे. जाणं ऐच्छिक आहे. त्यांना समोर बसायचं नसेल तर त्यांचं म्हणणं लिहून तुमच्याबरोबर द्या किंवा प्रतिनिधी पाठवा. बैठकीत ते वाचून दाखवलं जाऊ शकतं. तुम्ही गेलात आणि मधेच असह्य झालं तर उठून बाहेर या, समन्वयक थांबेल. निघण्यापूर्वी एवढं मात्र नक्की करून घ्या : योजनेची प्रत, समन्वयकाचा फोन नंबर, आणि योजना पूर्ण झाली की मोडली हे तुम्हाला कोण आणि कधी कळवणार, ते लेखी.